चाळिसाच्या बारा

गेल्या वर्षी भाद्रपदात एका वार्षिकाच्या संपादकांचे पत्र आले. पत्र सौजन्यपूर्ण होते. कविता आवडली, विषय हृद्य आहे, परंतु चाळीस ओळींना जागा नाही. बारा ओळींत बसवून दिलीत तर एका पानाच्या कोपऱ्यात घेता येईल, असा त्यातला मजकूर. मी संतापलो. कविता म्हणजे काय शिंप्याकडे टाकलेला सदरा, की पोराच्या मापाने कमी करून आणावा! दोन दिवस मी ते पत्र येईल त्याला दाखवीत हिंडलो, आणि अलिबागला आमच्या मित्रमंडळींच्या बैठकीत त्याचे जाहीर वाचनही केले.

तिथे सगळ्यांनी माझी बाजू घेतली. आमचे एक वयोवृद्ध स्नेही आहेत. जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “कविता हे लेकरू असते. त्याचे हातपाय तोडून ते पाळण्यात बसवायचे नसते.” लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण घरी येताना रस्ताभर ते वाक्य मला टोचत राहिले, कारण माझे लेकरू खरोखरच धडधाकट होते की नुसतेच फुगलेले होते, हे मी अजून एकदाही तपासले नव्हते.

आज मी जे सांगणार आहे ते त्या संपादकांनाही रुचणार नाही आणि आमच्या स्नेह्यांनाही नाही. संपादकांना वाटते, चाळीस ओळींत बारा ओळी दडलेल्या असतात, बाकीच्या गाळल्या की झाले. स्नेह्यांना वाटते, चाळीसही ओळी कवीच्या अंतःकरणातून आल्या, म्हणून त्या पवित्र. माझे म्हणणे असे की दोघेही एकच चूक करतात. दोघेही खर्ड्याला कविता समजतात. एक तिला कापू पाहतो, दुसरा कापू देत नाही, एवढाच काय तो फरक.

हे नुसते बोलून पटणार नाही. म्हणून, वाचकहो, मी माझाच खर्डा तुमच्यापुढे उघडा करतो. दुसऱ्याच्या कवितेवर शस्त्रक्रिया करणे सोपे असते.

कवितेचा विषय आमच्या घरातला आहे. आमचे गाव रेवस-अलिबाग रस्त्याच्या अंगाला. आता या जिल्ह्याला रायगड म्हणतात; १९८१ सालापर्यंत तो कुलाबा जिल्हा होता. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्या दिवशी आषाढातली अवस होती. दिव्यांची पूजा करायची म्हणून, आणि अवसेच्या जेवणासाठी म्हणूनही, मुंबईत पोटापाण्याला गेलेली आमच्याकडची कितीतरी माणसे घरी निघाली होती. त्यांत माझ्या आत्याचे यजमान होते. ते गिरणीत कामाला होते.

आत्याचे सासर गावातच, दुसऱ्या आळीत होते. बोट सकाळी बुडाली, पण आमच्या गावात बातमी पोचायला रात्र झाली. आत्याने दिवसभर दिवे घासले, आणि दिवस मावळताच सगळे लावून ती दाराशी बसली. हे मला माझ्या आईने सांगितले. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पुढे आत्या आमच्याकडेच राहिली. मी सहा-सात वर्षांचा असल्यापासून पाहत आलो की दिव्याच्या अवसेला ती दिवे घासायची, वाती वळायची, तेल घालायची, आणि काड्याची पेटी माझ्या हातात देऊन म्हणायची, “तू लाव.” तिने स्वतः काडी ओढलेली मी कधी पाहिली नाही.

यावर मी चाळीस ओळी लिहिल्या होत्या. दोन-दोन ओळींना यमक जुळवलेल्या वीस जोड्या. सुरुवात अशी:

आषाढाची अवस होती, काळे आभाळ दाटले,
रेवसच्या बंदराला लाटा-लाटांनी गाठले.
मुंबईच्या धक्क्यावरून निघाली होती बोट,
कुणा ठाऊक, तिच्या कपाळी काळाचा तो घोट!

पहिल्या बारा ओळी अशा बोट, वारा आणि समुद्र यांत गेल्या होत्या. पुढच्या आठ ओळींत बोट उलटली, माणसे बुडाली, किनाऱ्यावर आकांत झाला. नंतरच्या सहा ओळी नुसत्या उपमांच्या. मग चार ओळींत आत्या कशी होती ते. चार ओळींत तिने लावलेले दिवे. दोन ओळींत बातमी. दोन ओळींत ती काडी. आणि शेवटच्या दोन ओळींत, मराठी कवीला टाळता येत नाही तो उपदेश. म्हणजे आत्या पहिल्यांदा दारात येते ती सत्ताविसाव्या ओळीला! तोवर वाचकाला सव्वीस ओळी समुद्र पाहत बसवून ठेवलेला.

तिसऱ्या दिवशी राग निवला आणि मी कामाला बसलो. प्रथम जे केले ते बहुतेकजण करतात. पेन्सिल घेऊन विशेषणे खोडली, ‘अहा’ आणि ‘हाय’ खोडले, एकच गोष्ट दोनदा सांगणाऱ्या ओळींतली एक-एक खोडली. चाळिसाच्या सव्वीस झाल्या. वाचून पाहिले, तर कविता तीच होती, फक्त लंगडत होती. जिचे यमक गेले ती ओळ जोडीदारीण हरवल्यासारखी उभी होती. विशेषणे गाळणे वाईट नाही, पण त्याने कवितेचे वजन कमी होते, आकार बदलत नाही. आत्या अजूनही उशिराच येत होती.

मग दुसरा उपाय केला. चाळिसांतल्या उत्तम ओळी तेवढ्या निवडल्या. बारा उत्तम ओळी सहज निघाल्या, आणि त्यांत माझी अतिशय लाडकी जोडी होती:

समुद्राने घराघरांतले कुंकू पुसून नेले,
आणि किनाऱ्यावर फेसाचे पांढरे कपाळ ठेवले.

ही जोडी मी बैठकीत वाचली तेव्हा लोकांनी ‘पुन्हा एकदा’ म्हटले होते. अशा बारा ओळी स्वच्छ अक्षरांत उतरवून मी सौभाग्यवतींना वाचून दाखवल्या. तिने आत्याची अखेरची काही वर्षे सेवा केलेली. शांतपणे ऐकून घेऊन ती म्हणाली, “छान आहे. पण यात आत्या कुठे आहेत?”

आत्या नव्हत्याच. उत्तम ओळी सगळ्या माझ्या होत्या. फेसाचे कपाळ मला दिसले होते, आणि तेही लिहायला बसल्यावर. आत्याने समुद्राकडे तसे कधी पाहिल्याचे मला आठवत नाही. ती समुद्राकडे पाहतच नसे. शिवाय त्या ओळीत ‘घराघरांतले’ हा शब्द आहे. शेकडो घरांचे दुःख एकदम मांडले की कोणत्याच एका घराचे राहत नाही. लोकांनी ‘पुन्हा एकदा’ म्हटले ते माझ्या चतुराईला. त्यात आत्याचा काही संबंध नव्हता. म्हणून माझे पहिले सांगणे हे, की चाळिसाच्या बारा करायच्या असतील तर सर्वांत आधी सर्वांत देखणी ओळ तपासा. ती उजेड पाडते की स्वतःच उजेडात उभी राहते, हे पाहा. माझी स्वतःच उभी होती. मी ती खोडली, आणि खोटे कशाला बोलू, दुसऱ्या कागदावर उतरवून ठेवून मगच खोडली.

त्यानंतर जो उपाय केला त्याने काम झाले. तो फार साधा आहे. प्रत्येक ओळीसमोर मी समासात एक अक्षर लिहिले. जे मी डोळ्यांनी पाहिले त्यापुढे ‘पा’, जे कुणाकडून ऐकले त्यापुढे ‘ऐ’, आणि जे बसल्या जागी रचले त्यापुढे ‘र’. मोजणी झाली तेव्हा रचलेल्या ओळी चोवीस निघाल्या आणि ऐकलेल्या पंधरा. पाहिलेली ओळ एकच होती, सदतिसावी:

तेव्हापासून हाती कधी धरली नाही काडी,
दुःखाची ती ओढत राहिली जन्मभर गाडी.

यातली वरची ओळ पाहिलेली. खालची कुठून आली? ‘काडी’ला यमक हवे होते म्हणून आली. आत्याचा आणि गाडीचा काही संबंध नाही. आमच्या घरी गाडी नव्हती आणि आत्या तरी दुःख ओढीत बसणारी बाई नव्हती. ती भांडायची, हसायची, वालाची डाळिंबी तिच्यासारखी कुणाला जमत नसे. एका यमकाने तिला बिचारी करून टाकले होते. मग मी सगळी यमके तपासली. वीस जोड्यांपैकी तेरा जोड्यांत दुसरी ओळ केवळ पहिलीची सोय लावायला आली होती. ‘बोट’ आली म्हणून ‘घोट’ आला. तेव्हा ठरवले, यमक सोडायचे. यमक वाईट असते म्हणून सोडले नाही. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत यमक आहे, अभंगात आहे, आणि अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरांची लहानशी चौकट त्यामुळे सैल न होता घट्ट होते. तिथे यमक ओळीला आवळते. माझ्याकडे ते ओळ वाढवीत होते. हा भेद ज्याचा त्यालाच कानाने ओळखावा लागतो. दुसरी ओळ झाकून पहिली वाचावी. काही उणे वाटले नाही, तर दुसरी ओळ भरतीची.

आता हाती उरले काय? एक काडी. आणि ऐकलेल्यांतले एकच असे, की जे काढले तर काडीला अर्थ उरत नाही: तिने त्या संध्याकाळी दिवे लावले होते. खर्ड्यात ते असे होते:

दिवे लावुनी बसली होती वाट पाहत दाराशी,
ठाऊक नव्हते, झाली होती गाठ त्याची मरणाशी.
सकाळीच जो गेला बुडुनी, त्याच्यासाठी ते दिवे,
दैवाच्या या खेळापुढती माणसाने काय करावे!

कवितेचा जीव इथे आहे, हे मला खर्डा लिहिताना कळले नव्हते. कळले असते तर मी एकतिसाव्या ओळीपर्यंत थांबलो नसतो, आणि तिच्यामागे दैवाचा खेळ लावला नसता. तिने दिवे लावले ते ज्याच्यासाठी, तो सकाळीच गेलेला होता. दिवसभर ती चिंचेने तांब्या-पितळेचे दिवे घासत होती तेव्हा तो नव्हताच. पुढे तिने काडी का ओढली नाही, हे तिने कधी कुणाला सांगितले नाही. पण मला वाटते, आपण उशीर केला असे तिला वाटत असावे, किंवा आपल्या दिव्याने आपल्याला फसवले असे वाटत असावे. यांतले नक्की कोणते, ते कवितेत सांगायचा मला अधिकार नाही. खर्ड्यात मी ते सांगत सुटलो होतो.

मग मी खर्डा उलटा ठेवला आणि कोऱ्या कागदावर लिहायला घेतले. आठ ओळी झाल्या. त्यांत आत्या दिवे घासते, वात आणि तेल घालते, आणि काडी माझ्या हातात देऊन दाराकडे तोंड फिरवते. बस्स. मी खूश झालो. इतका आटोपशीर मी जन्मात झालो नव्हतो. हा उत्साहही फसवा असतो, म्हणून शेजारच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला त्या आठ ओळी वाचायला दिल्या. ती म्हणाली, “काका, त्या काळी विधवांना दिवा लावू देत नसत, त्यावर आहे ना ही?”

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आठ ओळींची कविता आत्याची राहिली नव्हती. ती रूढीवरची झाली होती. भावना नाहीशी झाली नव्हती, तिची जागा दुसऱ्याच भावनेने घेतली होती, आणि हे मला स्वतःला कधीच दिसले नसते, कारण मला आधीपासून सगळे माहीत होते. पेण-उरणकडच्या मिठागरांत मीठ पिकवणारे वाफ्यातले पाणी अगदी शेवटच्या थेंबापर्यंत आटू देत नाहीत. मीठ खाली बसले की वर उरलेले कडू पाणी ते काढून टाकतात; ते तसेच आटू दिले तर मीठच कडवट होते. कुठे थांबायचे हे त्यांना ठाऊक असते. मी थांबलो नव्हतो.

यावरून माझी दुसरी गोष्ट. अति कापले हे कवीला कळत नाही, वाचकाला कळते. म्हणून कविता दोघांना दाखवावी: एक, ज्याला हकीकत ठाऊक आहे, आणि दुसरा, ज्याला काहीच ठाऊक नाही. पहिल्याने ‘यात माणूस कुठे आहे’ म्हटले, तर तुम्ही सजावट ठेवली आणि गाभा टाकला. दुसऱ्याने भलताच अर्थ लावला, तर तुम्ही गाभ्याचा आधार टाकला. दुसरा नुसता ‘कळली नाही’ म्हणाला तर फारसे बिघडत नाही. त्याने ती पुन्हा वाचावी. पण भलताच अर्थ त्याला स्वच्छ कळला, तर दोष आपला.

चार ओळी परत आल्या. आता ती बारा ओळींची कविता अशी आहे:

दिव्याची अवस, १९४७

चिंच, राख, काथ्या घेऊन
आत्या दिवे घासते.
समई, निरांजन, लामणदिवा,
दाराशी टांगायचा कंदील.

वात तिची, तेल तिचे.
काडी तेवढी माझ्या हाती.
“तू लाव,” म्हणते,
आणि तोंड फिरवते दाराकडे.

त्या साली तिनेच लावले होते
सगळे, दिवस मावळताच;
सकाळीच बुडालेल्या माणसाला
अंगणातली वाट दिसावी म्हणून.

ही थोर कविता आहे असे मी म्हणत नाही. पण यात काय झाले ते मी जबाबदारीने सांगू शकतो. बारांपैकी चार ओळींचे मूळ तुम्हाला चाळिसांत सापडेल. उरलेल्या आठ त्यांत नव्हत्याच! चिंच नव्हती, काथ्या नव्हता, कंदील नव्हता; ‘तू लाव’ हे दोन शब्द, जे मी दर वर्षी ऐकले, तेदेखील चाळीस ओळींत मला सुचले नव्हते. समुद्राला जागा देताना ते राहून गेले होते. मग या कामाला काटछाट कशी म्हणायची? चाळीस ओळी कापून कधीच या बारा झाल्या नसत्या.

अठ्ठावीस ओळी गेल्या कुठे, हेही सांगतो. बोट, तारीख, वादळ, आकांत यांच्या वीस ओळी मथळ्यात गेल्या. आमच्या किनाऱ्यावर दिव्याची अवस आणि १९४७ हे दोन शब्द शेजारी ठेवले की ‘रामदास’ म्हणावे लागत नाही. विदर्भातल्या वाचकाला ते कळणार नाही. त्याला बोटीचे नाव मिळणार नाही, पण ‘बुडालेल्या’ या शब्दाने त्याला आत्या मिळेल. हे नुकसान मी डोळे उघडे ठेवून सोसले आहे. उपमांच्या सहा ओळी मात्र कुठेच गेल्या नाहीत. त्यांचे काम ‘दिवस मावळताच’ आणि ‘सकाळीच’ हे दोन शब्द करतात. दोघांमध्ये एक अख्खा दिवस आहे, आणि त्या दिवसात आत्या दिवे घासते आहे. तो दिवस वाचकाने स्वतः मोजला तर त्याच्या पोटात कालवते. मी मोजून दाखवला तर तो ‘अरेरे’ म्हणून पान उलटतो.

कुणी म्हणेल, एवढी काटकसर, तर तिसऱ्या-चौथ्या ओळीतली दिव्यांची यादी कशाला? आमच्या एका तरुण कवीने तीच ओळ खोडायला सांगितली. मी ऐकले नाही. चार दिव्यांची नावे वाचायला जो वेळ लागतो तो वेळ मला हवा आहे; ते घासणे लांबले पाहिजे. आणि दहाव्या ओळीतला ‘सगळे’ हा शब्द त्या यादीवरच उभा आहे. यादी काढली तर ‘सगळे’ म्हणजे किती, हे वाचकाला कळणार नाही. कंदील काढला तर अंगणात उजेड पडणार नाही. घट्ट कविता म्हणजे सगळीकडून घाईने आवळलेली कविता नव्हे. तिच्यात एखादी संथ जागा लागते, आणि ती जागा पुढच्या कुठल्या तरी शब्दाला धरून असावी लागते.

अशा वादात नेहमी एझ्रा पाउंड या कवीचा दाखला देतात, म्हणून त्याचेही सांगतो. पॅरिसच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात गर्दीतले काही सुंदर चेहरे त्याला दिसले. त्यावर त्याने तीस ओळींची कविता लिहिली, आणि शेवटी त्याची दोन ओळींची कविता १९१३ साली छापून आली. ‘बघा, तिसाच्या दोन केल्या!’ असे आमचे काटछाटवाले सांगतात. पण त्याने स्वतः ही हकीकत लिहून ठेवली आहे, ती ते पुरती वाचत नाहीत. तीस ओळींची कविता त्याने नष्ट केली. सहा महिन्यांनी तिच्या निम्म्याने दुसरी लिहिली, आणि वर्षाने ती दोन ओळींची. त्याने गाळले नाही. टाकून दिले आणि पुन्हा पाहिले. शिवाय स्थानकाचा सगळा पत्ता त्याने मथळ्यात ठेवला आहे. मथळा झाका, मग उरलेल्याचा पत्ता लागतो का पाहा.

याच्या उलट मॅरियन मूर ही अमेरिकन कवयित्री. तिने कवितेवरच लिहिलेली आपली एक गाजलेली कविता १९६७ साली संग्रह छापताना तीन ओळींची करून टाकली. पण त्याच पुस्तकाच्या शेवटी टीपांत तिने जुनी लांब कविताही छापली. ती पानभर टीप म्हणजे तीन ओळी एकट्या उभ्या राहतील की नाही याची तिला स्वतःला वाटलेली शंका, असे मला वाटते. माझ्या आठ ओळींनाही मी तशी टीप जोडू शकलो असतो. त्यापेक्षा चार ओळी परत घेणे बरे.

आता आमच्या स्नेह्यांना त्यांचे श्रेय देतो. सगळेच बारा ओळींत यावे असे मी म्हणत नाही. ‘रामदास’वर कुणी पोवाडा रचला तर त्यात वारा हवा, बोट हवी, माणसांचा आकडा हवा, गावांची नावे हवीत, गावोगाव उभे राहून तो म्हणायचा आहे आणि ज्याचे माणूस गेले त्याला आपल्या गावाचे नाव ऐकायचे आहे. त्याच्या बारा ओळी करणे हा अपराध होईल. तिथे विस्तार हीच निष्ठा. माझी चूक अशी, की मला सांगायचे होते एका बाईच्या हातातल्या काड्याच्या पेटीविषयी, आणि मी सूर लावला पोवाड्याचा. लांबी ओळी मोजून ठरत नाही. काय सांगायचे आहे यावरून ठरते. आणि ते चाळीस ओळी लिहिल्यावाचून मला कळले नसते, हेही कबूल करतो. खर्डा व्यर्थ गेला नाही. पण विहीर खणताना निघालेली माती कुणी घागरीत भरून पाहुण्यांना देत नाही.

आणि लेकराच्या हातापायांविषयी. गुरुजी, तुमचा दृष्टान्त मला आता उलटा वाटतो. त्या चाळीस ओळींत लेकरू मीच होतो, रडून लक्ष वेधून घेणारा. आत्या सत्ताविसाव्या ओळीपर्यंत दाराबाहेर उभी होती. तिला आत घ्यायचे तर कुणीतरी उठणे भाग होते.

संपादकांना मी बारा ओळी पाठवल्या, आणि सोबत एक पत्रही. तुमची जागेची अडचण ही कवितेची अडचण नव्हे, असे त्यात स्पष्ट लिहिले. कोपरा भरायला बारा ओळी मागू नका; तुम्हाला चाळीस ओळी सैल वाटल्या असतील तर तसे लिहा, म्हणजे कवी विचार तरी करील. तुम्ही जागा नाही म्हटलेत, म्हणून मी दोन दिवस नुसता संतापलो. त्यांचे उत्तर आले: कविता उत्तम, परंतु एक जाहिरात आयत्या वेळी आल्यामुळे कोपरा उरला नाही, पुढील वर्षी अवश्य विचार करू.

असो. यंदाच्या दिव्याच्या अवसेला घरातले दिवे मी घासले. वाती सौभाग्यवतींनी घातल्या. नात आली होती, ती काड्याची पेटी मागू लागली. मी ती तिच्या हातात दिली आणि ‘तू लाव’ म्हणायला तोंड उघडले, पण ते शब्द काही केल्या बाहेर पडेनात. तिने माझ्याकडे एकदा पाहिले, आणि न सांगताच काडी ओढली.